दूरचित्रवाणीच्या संचावरील तारे आणि वर्षाचे वीजबिल



आजचा आमचा विषय अगदी लहान, म्हणजे तळहातात मावेल एवढ्या कागदाचा आहे. दूरचित्रवाणीचा संच विकत घ्यावयास आपण दुकानात गेलो की त्याच्या काचेवर किंवा खोक्यावर ताऱ्यांची एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. दुकानदार तिच्याकडे बोट दाखवून म्हणतो, ‘‘पाच तारे आहेत साहेब, बिल येणारच नाही.’’ त्या चिठ्ठीत खरोखर काय सांगितले आहे, काय सांगितलेले नाही, आणि तीवरून आपल्या घरचा वर्षाचा खर्च रुपयांत कसा काढावयाचा, एवढेच आज आम्ही मांडणार आहोत. सोबत चौथीच्या मुलाला येईल एवढे गणित लागेल.

ही चिठ्ठी ऊर्जा दक्षता ब्युरो ह्या केंद्र सरकारच्या संस्थेची. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्याने ती स्थापन झाली आणि तिने २००६ साली ताऱ्यांची योजना सुरू केली. चिठ्ठीच्या वरच्या भागात तारे असतात, एकापासून पाचापर्यंत. त्याखाली उत्पादकाचे नाव, संचाचा क्रमांक, पडद्याचे माप, वर्ष आणि एक आकडा असतो: वर्षाकाठी किती युनिट वीज लागेल तो. बहुतेकांची दृष्टी ताऱ्यांवर खिळते आणि आकड्यावरून घसरते. ते उलट व्हावयास हवे, असे आमचे म्हणणे आहे. का, ते सांगतो.

तारे देताना संचाची तुलना त्याच्या मापाच्या इतर संचांशी होते. पडदा जितका मोठा, तितकी अधिक वीज वापरण्याची मुभा त्याला आधीच दिलेली असते. पडद्याचे इंच कर्णावर मोजतात, पण वीज लागते ती क्षेत्रफळ उजळावयास. त्रेचाळीस इंची आणि पंचावन्न इंची ह्या दोन संचांच्या कर्णांत फरक बारा इंचांचाच दिसतो. पण क्षेत्रफळ दीडपटीहून अधिक होते. समजा, दुकानात त्रेचाळीस इंची तीन ताऱ्यांचा संच आहे आणि त्यावर वर्षाला १२४ युनिट असे छापले आहे. शेजारी पंचावन्न इंची पाच ताऱ्यांचा संच आहे आणि त्यावर १७८ युनिट लिहिले आहे. तारे दोन अधिक, आणि वीजही ५४ युनिट अधिक! ह्यात लबाडी कोणाचीच नाही. मोठा संच आपल्या मापाच्या मानाने काटकसरी आहे, एवढेच ते पाच तारे सांगतात. मीटर मात्र मापाचा विचार करीत नाही. तो युनिट मोजतो.

दुसरी गोष्ट, ताऱ्यांची कसोटी काळानुसार कडक केली जाते. आज पाच तारे मिळवणारा संच पुढील कसोटीत चारांवरही येऊ शकतो. म्हणून चिठ्ठीवरील वर्ष पाहावे, आणि निरनिराळ्या वर्षांचे संच तोलताना तारे बाजूस ठेवून आकड्याशी आकडा लावावा.

आता तो आकडा कसा येतो ते पाहू. संच दिवसातून सहा तास चालू आणि उरलेले अठरा तास ‘स्टँडबाय’मध्ये, म्हणजे रिमोटने बंद पण खटक्याने चालू, असे धरलेले आहे. आमचा त्रेचाळीस इंची संच चालू असता ५५ वॅट आणि स्टँडबायमध्ये अर्धा वॅट घेतो, असे समजा. पंचावन्नास सहाने गुणले, ३३०. अर्ध्यास अठराने गुणले, ९. बेरीज ३३९ वॅट-तास, ही झाली दिवसाची वीज. तिला ३६५ दिवसांनी गुणून हजाराने भागले की १२४ युनिट येतात. ह्यात स्टँडबायचा वाटा वर्षाकाठी जेमतेम तीन युनिटांचा आहे, हे लक्षात ठेवावे. त्याकडे आपण पुन्हा येऊ.

पण सहा तास ही कागदावरची सरासरी. आपल्या घरी संच किती तास चालतो? जेथे नवराबायको दोघेही नोकरीला जातात तेथे चार तासही होत नसतील. जेथे घरात वडीलधारी माणसे आहेत, तेथे सकाळच्या आरतीपासून रात्रीच्या बातम्यांपर्यंत दहा तास सहज होतात. हिशेबाची युक्ती सोपी आहे: चिठ्ठीवरील आकड्यास सहाने भागावे आणि आपल्या तासांनी गुणावे. १२४ ला सहाने भागले, साधारण २०.७ आले. चार तासांचे घर असेल तर वर्षाला ८३ युनिट, दहा तासांचे असेल तर २०७. स्टँडबायचा सूक्ष्म फरक ह्यात सुटतो, पण तो सुटला तरी चालण्याजोगा आहे.

युनिटांचे रुपये करताना मात्र बहुतेक जण चुकतात. ते बिलाच्या एकूण रकमेस एकूण युनिटांनी भागतात आणि जो दर येईल तो लावतात. हे बरोबर नाही. महावितरणाच्या घरगुती बिलात टप्पे असतात: पहिले शंभर युनिट स्वस्त, एकशे एक ते तीनशे त्याहून बरेच महाग, पुढे आणखी महाग. शिवाय बिलात स्थिर आकार असतो. तो संच घेतला काय आणि न घेतला काय, बदलत नाही. नव्या संचाची युनिटे बिलाच्या वरच्या टोकास जाऊन बसतात, म्हणून त्यांना दरही वरच्या टप्प्याचा लागतो.

तेव्हा आपले बिल हाती घ्यावे आणि महिन्याचा खप कोणत्या टप्प्यात संपतो ते पाहावे. त्या टप्प्याचा दर युनिटी वीज आकार, त्यात वहन आकार, आणि त्या महिन्यात असल्यास इंधन समायोजन आकार मिळवावा. ह्या बेरजेवर सोळा टक्के वीज शुल्क चढवावे. दर वरचेवर बदलतात, म्हणून उदाहरणापुरते धरू की घराचा खप महिन्याला १८० युनिट आहे आणि दुसऱ्या टप्प्यातील ही बेरीज १२ रुपये होते. शुल्क धरून युनिटामागे सुमारे १४ रुपये पडले. मग चार तासांच्या घरी ८३ युनिटांचे वर्षाला ११६२ रुपये, आणि दहा तासांच्या घरी २०७ युनिटांचे २८९८ रुपये. हाच संच महिन्याला नव्वद युनिटांतच भागणाऱ्या लहान घरात गेला तर त्याला पहिल्या टप्प्याचा दर लागेल आणि खर्च बराच खाली येईल. संच एक, चिठ्ठी एक, पण बिले निराळी.

ह्या हिशेबाने खरेदीचा निर्णयही करता येतो. समजा, त्याच मापाचा पाच ताऱ्यांचा संच ९४ युनिटांचा आहे. फरक ३० युनिटांचा. चार तासांच्या घरी तो २० युनिटांवर येतो, म्हणजे वर्षाला २८० रुपये वाचतात. सात वर्षांत १९६० रुपये. दोन संचांच्या किमतींत तीन हजारांचे अंतर असेल, तर केवळ बिलासाठी त्या घराने अधिक पैसे घालण्यात अर्थ नाही. दहा तासांच्या घरी मात्र वर्षाला ७०० रुपये वाचतात आणि साडेचार वर्षांच्या आत ते तीन हजार वसूल होतात.

आता चिठ्ठीच्या मर्यादेकडे येऊ. त्यावरील आकडा प्रयोगशाळेतील मोजणीचा असतो. दुकानात संच ग्राहकाच्या डोळ्यांत भरावा म्हणून चित्र अतिशय प्रखर ठेवलेले असते, आणि पुष्कळदा संच त्याच मांडणीत घरी येतो. प्रखर चित्राला वीज अधिक लागते. म्हणून संच लावताना चित्राच्या मांडणीत ‘घर’ हा पर्याय निवडला आहे ना, हे पाहून घ्यावे. घरच्या दिव्याखाली चित्र डोळ्यांना सुखावह वाटेल, आणि चिठ्ठीचा आकडाही खरा ठरेल.

खरा ठरला की नाही हे तपासावयास यंत्र विकत घ्यावे लागत नाही. मीटर आपल्या दारात आहेच. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक तांबडा दिवा लुकलुकतो आणि एका युनिटास किती लुकलुकी, तेही मीटरवर छापलेले असते. ते ३२०० आहे असे धरू. घरातील सर्व उपकरणे, फ्रीजसुद्धा, दहा मिनिटे बंद ठेवावीत आणि फक्त दूरचित्रवाणी चालू ठेवून लुकलुकी मोजाव्यात. तीस भरल्या, तर तासाच्या १८० होतात. त्यांना ३२०० ने भागले की ०.०५६ युनिट, म्हणजे ५६ वॅट. हिशेब जुळला. साठ भरल्या, तर चित्राची मांडणी पुन्हा पाहावी.

मात्र ह्या मोजणीत केबलच्या किंवा डिशच्या पेटीचा, म्हणजे सेटटॉप बॉक्सचा, खटका बंद ठेवण्यास विसरू नये. कारण खरी गोम त्या पेटीत आहे. चिठ्ठी दूरचित्रवाणीच्या संचाची आहे; पेटीची वीज तिच्यात धरलेली नाही. पुष्कळशा पेट्या रिमोटने बंद केल्यावरही जवळजवळ तेवढीच वीज ओढीत राहतात. तेव्हा तिचीही परीक्षा घ्यावी: बाकी सर्व बंद, पेटी रिमोटने बंद पण खटका चालू, आणि अर्धा तास मोजणी. सोळा लुकलुकी आल्या, तर पेटी १० वॅट घेते असे समजावे. दहा वॅट ऐकावयास काहीच नाहीत. पण ते चोवीस तास आणि ३६५ दिवस चालले की ८८ युनिट होतात. आमच्या चार तासांच्या घरी खुद्द दूरचित्रवाणीला लागतात ८३! चौदा रुपयांच्या दराने त्या पेटीचे वर्षाला १२३२ रुपये झाले. पाहणे संपल्यावर तिचा खटका भिंतीवर बंद केला, तर वीस तासांची वीज, म्हणजे ७३ युनिट आणि हजारावर रुपये, वाचतात. सकाळी पेटी पुन्हा सुरू होण्यास मिनिटभर थांबावे लागेल, एवढीच काय ती किंमत. उलट दूरचित्रवाणीचा स्वतःचा स्टँडबाय आपण मघाशी पाहिला, तीन युनिटांचा. त्यासाठी रोज उठून खटका दाबण्याची धडपड केली नाही तरी चालेल.

तेव्हा दुकानात चिठ्ठीवरचा आकडा टिपून घ्यावा, घरी येऊन बिलाचा वरचा टप्पा पाहावा आणि एकदा दारातील तांबडा दिवा मोजावा. मोजण्यास आज रात्री बातम्या संपल्यावरही हरकत नाही.