शिवारफेरीचा निरोप: फळ्यावर, गटात आणि ईमेलवर
(जिल्हा बैठकीतील मांडणी, नागपूर)



सप्टेंबरात पऱ्हाटीला बोंडं धरतात. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत असते, बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. २०१७ च्या हंगामात विदर्भानं हे भोगलं आहे. म्हणून आपण बोंडं फोडून पाहायची शिवारफेरी ठेवतो. तिची खबर तीन ठिकाणी द्यावी लागते. तज्ज्ञ हवा म्हणून नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेला ईमेल, गावकऱ्यांसाठी व्हॉट्सॲपचा गट, आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर छापील सूचना. आम्ही गावोगाव पाहतो की एकच मजकूर तिन्हीकडे चिकटवला जातो आणि मग एकाही ठिकाणी काम होत नाही.

समजा, काटोल तालुक्यातल्या एखाद्या गावात फेरी आहे. छापील सूचना अशी लिहावी:

"सर्व कापूस उत्पादक शेतकऱ्यांना कळविण्यात येते की, मंगळवार, दि. २२ सप्टेंबर २०२६ रोजी सकाळी ८ वाजता ग्रामपंचायत कार्यालयासमोरून गुलाबी बोंडअळीच्या पाहणीसाठी शिवारफेरी निघेल. प्रत्येकाने आपल्या शेतातील २० हिरवी बोंडे सोबत आणावीत."

खाली नाव, सही, तारीख. इथं "कळविण्यात येते", "आणावीत" हीच भाषा शोभते. फळ्यावरचा कागद एका माणसाशी बोलत नाही, तो साऱ्या गावाला उद्देशून असतो आणि सही करणारा त्याची जबाबदारी घेतो.

आता याच कागदाचा फोटो काढून गटात टाकला तर? अक्षर बारीक, भाषा कचेरीची. लोक अंगठा दाखवतात आणि पुढं जातात. गटात आपण समोरासमोर बोलतो तसं लिहावं:

"*मंगळवार २२ सप्टेंबर, सकाळी ८, ग्रामपंचायतीसमोर* (इथं गावाचं नाव, ता. काटोल). बोंडअळी पाहाची आहे. येताना आपल्या वावरातली २० हिरवी बोंडं पिशवीत आणा. किडकी निवडून आणू नका, वावरभर फिरून वेगवेगळ्या झाडांची तोडा. पिशवीवर नाव लिहा."

नमस्कार-चमत्कार पहिल्या ओळीत नको. फोन वाजला की पडद्यावर सुरुवातीचे चार शब्दच दिसतात, तिथं वार आणि वेळच हवी. "उद्या सकाळी" असं तर कधीच लिहू नये. निरोप पुढं ढकलला जातो, दुसऱ्या दिवशी कोणी वाचतो आणि त्याचा "उद्या" वेगळाच निघतो. "आपल्या देवळापाशी" याचंही तेच. शेजारच्या गावच्या गटात गेल्यावर देऊळ कोणतं?

भाषा सैल झाली तरी आकडा सैल होता कामा नये. बोलीत लिहिताना "थोडी बोंडं आणा" असं सहज लिहून जातो. पण २० हा आकडा उगाच नाही. २० बोंडं फोडली आणि २ मध्ये अळी किंवा तिचं नुकसान सापडलं, म्हणजे १० टक्के झालं. फवारणीचा निर्णय याच पातळीवर घेतात. कोणी ७ आणली, कोणी किडकी तेवढीच वेचून आणली, तर तो हिशेब लागतच नाही आणि औषधाचा खर्च अंदाजानं होतो. फळ्यावर "प्रातिनिधिक नमुना" लिहूनही हे साधत नाही. तो शब्द वाचून कोण वावरभर फिरणार?

ईमेलचं काम निराळं. तिथं लोकांना बोलवायचं नाही, एका माणसाकडून होकार घ्यायचा आहे. तो ईमेल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जातो, म्हणून विषयाच्या ओळीतच सगळं कळावं: "२२ सप्टेंबर रोजी बोंडअळी पाहणीसाठी तज्ज्ञ मिळण्याबाबत", पुढं गाव आणि तालुका. मग "महोदय", आणि मजकूर चार वाक्यांचा. फेरी कधी, कुठं, किती शेतकरी अपेक्षित, ते २० बोंडं घेऊन येणार आहेत. शेवटी: "आपल्या संस्थेतील एका तज्ज्ञांनी मार्गदर्शनास यावे ही विनंती. येणे शक्य आहे किंवा कसे, हे १५ सप्टेंबरपर्यंत कळवावे." ही तारीख नसली की ईमेल पडून राहतो. खाली नाव आणि फोन. गटातला "या बरं का साहेब" इथं चालत नाही. फायलीला लावता येईल असा कागद लागतो.

वेळ बदलली तर? फळ्यावरच्या कागदावर जुनी वेळ खोडून नवी लिहावी, शेजारी सही करावी. ईमेलला त्याच पत्राखाली उत्तर द्यावं. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो, आणि कोणी तो आधीच पुढं पाठवला असेल तर ती प्रत जुनीच राहते. म्हणून गटात नवा निरोप टाकावा, पहिला शब्द "बदल", आणि त्यात वार, तारीख, वेळ, जागा पुन्हा पूर्ण लिहावी.