कोड दुबईत, दार खेडात

आमच्या कोकणातली आखातात गेलेली मुलं पूर्वी गावी येणाऱ्या माणसाबरोबर सामान पाठवायची. आता ती तिथूनच मोबाइलवर इथल्या दुकानात मागणी नोंदवतात आणि सामान घरी पोहोचतं. निदान पोहोचायला हवं!

खेडजवळ माझी थोरली आपा आणि दुल्हेभाई राहतात. दुबईतल्या भाच्यानं त्यांच्यासाठी रक्तदाब मोजायचं यंत्र मागवलं. अकरा वाजता पोऱ्या दारात उभा राहिला, म्हणाला, ‘खाला, कोड सांगा.’ कोड गेला होता दुबईच्या नंबरवर. तिथं साडेनऊ वाजलेले, भाचा कामावर, फोन कपाटात बंद. पैसे भरलेले, यंत्र डोळ्यांसमोर, तरी पोऱ्या ते घेऊन परत गेला. त्याचाही इलाज नव्हता. कोड घातल्याशिवाय त्याच्या फोनवर ‘माल पोहोचला’ अशी नोंदच होत नाही.

भाच्यानं पत्त्यात आपाचाच नंबर लिहिला होता. पण तो नंबर पोऱ्यानं फोन करण्यापुरता. कोड बहुधा जातो तो ज्या नंबरावर दुकानातलं खातं उघडलंय त्यावर. माल घरी यायच्या दिवशी सकाळी अनेक दुकानांच्या ॲपमध्ये त्या मागणीच्या पानावर कोड दिसतो. तो कामावर जाण्यापूर्वी आपाला फोनवर सांगता येतो. दुबईला हे जमतं. न्यूयॉर्कच्या मुलाची मात्र तेव्हा मध्यरात्र असते.

म्हणून भाच्यानं आपाच्याच नंबरावर नवं खातं उघडलं. उघडताना आलेला कोड आपानं त्याला एकदा फोनवर वाचून दाखवला. आता मागणी दुबईतून होते आणि माल घेण्याचा कोड आपाच्या साध्या, बटणांच्या फोनवर येतो. साध्या संदेशाला इंटरनेट लागत नाही. पैसे मात्र भाच्याच्या कार्डावरून जातात, त्यामुळे बँकेचा कोड त्याच्याकडेच येतो. तो तिथंच राहिलेला बरा.

खरी काळजी यापुढची. आपाला आता कोड सांगायची सवय लागली आहे. उद्या कुणी ठक फोन करून म्हणेल, ‘तुमचं पार्सल अडकलंय, कोड सांगा.’ म्हणून घरात ठरलंय : माणूस दारात हवा, खोकं समोर हवं, त्यावरचं नाव वाचलेलं हवं, मगच कोड. परक्याला फोनवर कधीच नाही. संदेशात बँकेचं नाव किंवा रुपयांचा आकडा असेल, तर दारातल्यालाही नाही.

अडचण एकच, संदेश इंग्रजीत येतात आणि आपाला इंग्रजी येत नाही. ते दुल्हेभाई वाचतात. ते नमाजाला गेलेले असले, तर आपा पोऱ्याला ओट्यावर बसवते, पाणी देते आणि सांगते, ‘थांब रे बाबा, दहा मिनिटांत येतील.’