आकडा एक, तेले दोन

कडेगावच्या बाजारात ट्रॅक्टरसाठी इंजिन ऑइल घ्यायला गेलात, तर दुकानदार दोन-तीन कंपन्यांचे डबे समोर ठेवतो. सगळ्यांवर एकच आकडा असतो, १५ डब्ल्यू ४०. मग गिऱ्हाईक म्हणते, "आकडा एक तर तेल एक. स्वस्तातलं द्या." ही समजूत अर्धी खरी आहे आणि अर्धी चूक. चुकीचा अर्धा भाग इंजिनच्या बेअरिंगला भोवतो, म्हणून आज त्याच्याविषयीच बोलायचे आहे.

आधी डब्यावरचा आकडा काय सांगतो ते पाहू. 'डब्ल्यू'च्या मागचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा असतो. आपल्याकडे थंडी पडून पडून किती पडणार, तेव्हा तो बाजूला ठेवू. पुढचा ४० हा आकडा तापलेल्या तेलाच्या दाटपणाचा. दाटपणाला शाळेच्या पुस्तकात श्यानता म्हणतात. तो मोजायची रीत फार साधी आहे. तेल १०० अंश सेल्सियसपर्यंत तापवायचे, काचेच्या बारीक नळीत भरायचे, आणि स्वतःच्या वजनाने ते खाली उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघायचे. त्यावरून सेंटिस्टोक नावाच्या मापात उत्तर निघते. उत्तर १२.५ ते १६.३ च्या दरम्यान आले की ते तेल '४०'. ९.३ ते १२.५ च्या दरम्यान आले की '३०'.

या नळीत तेलाला कोणी ढकलत नाही, दाबत नाही. ते आपले सावकाश, ओघळत उतरते. इंजिनात मात्र त्याला असे निवांतपण मिळत नाही.

आता डिसेंबरातला एखादा दिवस डोळ्यांसमोर आणा. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या जोडून ट्रॅक्टर वांगीच्या सोनहिरा कारखान्याकडे निघाला आहे. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेते आहे. क्रँकचा जो भाग बेअरिंगमध्ये फिरतो त्याचा व्यास ६० मिलिमीटर धरू. म्हणजे परीघ झाला सुमारे १९ सेंटिमीटर. मिनिटाला २,००० फेरे म्हणजे सेकंदाला ३३. गुणाकार करा. क्रँकचा पृष्ठभाग सेकंदाला सव्वासहा मीटर वेगाने सरकतो आहे, आणि त्याला लागून असलेले बेअरिंग जागेवर उभे आहे. दोघांच्या मध्ये तेलाचा पातळ थर. तो जिथे सहा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतका असेल, तिथले गणित करू. सव्वासहा मीटरला सहा मायक्रॉनने भागले की सेकंदाला सुमारे दहा लाख येतात. या आकड्याला तेलाच्या घसटीचा वेग म्हणू. ओझे वाढले की थर आणखी पातळ होतो, तीन मायक्रॉनवर आला तर घसट वीस लाखांवर जाते. शिवाय एवढ्या घसटीत थर तापतो. खालच्या टाकीतले तेल १००-११० अंशांवर असले तरी बेअरिंगमधला थर दीडशेच्या घरात जाऊ शकतो.

काचेच्या नळीतली परीक्षा आणि ही परीक्षा, दोन्ही वेगळ्या. पहिलीत सारखे गुण मिळवणारी दोन तेले दुसरीत सारखी ठरत नाहीत. का ठरत नाहीत, ते आता पाहू.

'४०' हा आकडा दोन वाटांनी गाठता येतो. एक वाट म्हणजे मूळ तेलच चांगले घ्यायचे. दुसरी वाट म्हणजे मूळ तेल पातळ घ्यायचे आणि त्यात लांब साखळीच्या रेणूंचे मिश्रण जास्त घालायचे. हे रेणू म्हणजे सूक्ष्म सुतळीची गुंतवळ समजा. ते तेलात फुगून बसतात आणि तेलाला दाट करतात. यात लबाडी नाही बरं का. थंडीत पातळ आणि उन्हाळ्यात दाट राहणारे तेल या मिश्रणाशिवाय बनवणे अवघड, आणि १५ डब्ल्यू ४० च्या बहुतेक डब्यांत ते थोडेफार असतेच. फरक पडतो तो किती घातले आणि कोणत्या जातीचे घातले, यात.

टेंभूच्या पाटात पाणी संथ असते तेव्हा शेवाळाचे झुबके गोळा होऊन बसतात आणि पाण्याला अडवतात. पाणी जोरात सुटले की तेच शेवाळ लांब, सरळ होऊन प्रवाहाला समांतर पडते आणि पाणी त्याच्यावरून सुळकन जाते. लांब साखळीचे रेणू असेच वागतात. काचेच्या नळीत ते गोळा होऊन अडवतात, तेल दाट भासते. बेअरिंगमधल्या दहा लाखांच्या घसटीत ते ताणून सरळ होतात, आणि त्यांनी आणलेल्या दाटपणातला बराच भाग तेवढ्या क्षणापुरता नाहीसा होतो. बेअरिंगमधून बाहेर पडले की पुन्हा गोळा. म्हणून बाहेर काढून पाहिले तर तेल जसेच्या तसे दिसते. शिक्षक मंडळींना वर्गात हे दाखवायचे असेल तर भिंतीला लावायचा रंग घ्यावा. डब्यात दाट, ब्रशखाली सैल, भिंतीवर थांबला की पुन्हा दाट. ज्या तेलाचा दाटपणा मूळ तेलातूनच आला आहे, ते घसटीत फारसे सैल पडत नाही.

ही दुसरी परीक्षा प्रयोगशाळेत वेगळ्या यंत्रावर होते. तेल १५० अंशांवर ठेवतात, एका भांड्यात बसलेला दांडा अगदी बारीक फटीत फिरवतात, घसट सेकंदाला दहा लाखांवर नेतात, आणि दांडा फिरवायला किती जोर लागतो त्यावरून दाटपणा काढतात. इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला 'एचटीएचएस' म्हणतात, म्हणजे भारी तापमानात आणि भारी घसटीत मोजलेला दाटपणा. माप मिलिपास्कल-सेकंद. खोलीतल्या साध्या पाण्याचे हे माप सुमारे १ असते. १५ डब्ल्यू ४० ला ते निदान ३.७ असावे लागते, आणि '३०' च्या तेलाला निदान २.९. म्हणजे डब्यातून ओतताना पाण्यापेक्षा शे-दोनशे पट दाट असलेले तेल, बेअरिंगमध्ये पोचेपर्यंत पाण्याच्या जेमतेम तिप्पट-चौपट उरते! अख्ख्या क्रँकचा भार त्याच्यावर असतो.

१५ डब्ल्यू ४० चा हा तळ ३.७ असल्यामुळे खऱ्या, मानकाप्रमाणे बनवलेल्या दोन डब्यांत फरक असला तरी आटोक्यात राहतो. एक ३.८, एक ४.२, असा. पण ५ डब्ल्यू ४० किंवा १० डब्ल्यू ४० घेतले, तर शेवटचा आकडा ४० च असून तळ ३.५ आहे. सर्वांत मोठी दरी '३०' च्या तेलांत दिसते, आणि तिचा संबंध आजकाल गावोगावी असलेल्या मोटारींशी येतो.

एक उदाहरण पुरते करून पाहू. समजा, एका शिक्षकांकडे डिझेल मोटार आहे आणि तिच्या पुस्तकात ५ डब्ल्यू ३० सांगितले आहे. बाजारात त्यांना दोन डबे मिळाले. पहिल्याच्या पाठीवर बारीक अक्षरांत युरोपच्या मोटार कारखानदारांच्या संघटनेचा, 'एसीईए'चा, 'ए ५ / बी ५' हा वर्ग लिहिला आहे. दुसऱ्यावर 'सी ३' लिहिले आहे. पहिल्या वर्गात एचटीएचएस २.९ ते ३.५ असते. दुसऱ्या वर्गात ते ३.५ च्या खाली चालत नाही. पहिले तेल ३.० चे आणि दुसरे ३.६ चे धरू. पुढून पाहिले तर दोन्ही डबे ५ डब्ल्यू ३०. पण भाराखाली थराची जाडी ढोबळमानाने याच प्रमाणात कमी-जास्त होते. दुसऱ्या तेलाचा थर सर्वांत पातळ जागी १.२ मायक्रॉन राहत असेल, तर पहिल्याचा १ मायक्रॉन राहील. धातूचा पृष्ठभाग कितीही घोटला तरी त्यावर बारीक उंचवटे असतात, आणि या जाडीवर ते एकमेकांना घासू लागतात. पुढे बेअरिंगचा मऊ थर झिजतो, खालून ठोका ऐकू येतो, आणि क्रँक घासून घ्यायला पुण्याला किंवा कोल्हापूरला न्यायची वेळ येते.

मग काय, दुसरे तेल चांगले आणि पहिले वाईट? तसेही नाही. पातळ तेलात इंजिनला ओढ कमी लागते, इंधन वाचते. काही इंजिने मुळातच त्यासाठी घडवलेली असतात. त्यांची बेअरिंगे रुंद, फटी नेमक्या, पंप त्या तेलाला धरून. अशा इंजिनात जाडे तेल घालून फायदा होत नाही, इंधन मात्र जास्त जाते. ज्या इंजिनाच्या पुस्तकात ३.५ चा वर्ग मागितला आहे, त्यात २.९ चे घातले की बिघडते. वर्ग पुस्तकातला पाहावा. किमतीवरून ठरवू नये, महाग डबा कमी एचटीएचएसचाही असू शकतो.

चिमटीत तेल चोळून 'याला बुळबुळ आहे, याला नाही' असे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांच्या चिमटीला तीस-पस्तीस अंश ऊब असते आणि घसट नावाला. तिथे दीडशे अंशांवरची गोष्ट कळणार कशी? तेलाच्या दाबाचा काटाही सगळे सांगत नाही. तो मुख्य नळीतला दाब दाखवतो, बेअरिंगमधला थर दाखवत नाही. मात्र गरम इंजिन मंद चालत असताना काटा पूर्वीपेक्षा खाली बसू लागला, तर ते दुर्लक्ष करण्यासारखे नाही.

एचटीएचएसचा आकडा डब्यावर सहसा छापत नाहीत. कंपनीच्या माहितीपत्रकात कधी असतो, कधी नसतो. दुकानदाराकडे मागून पाहावे. नसेल तर डब्याच्या पाठीवरचा वर्ग वाचावा. 'ए ३ / बी ४' आणि 'सी ३' म्हणजे ३.५ किंवा वर. 'सी २' म्हणजे २.९ पासून पुढे. 'सी ५' आणखी खाली, २.६ पासून. ट्रॅक्टर आणि ट्रकच्या तेलात अमेरिकेच्या 'एपीआय'चा 'सीके ४' हा वर्ग असेल तर ३.५ च्या खाली नाही. त्यांचाच 'एफए ४' हा वर्ग मात्र २.९ ते ३.२ चा आहे. तो आपल्या पुस्तकात लिहिला नसेल तर घेऊ नये.

एवढे करून नवे तेल घातले तरी ते तसेच राहते असे नाही. लांब रेणू घसटीत हळूहळू तुटतात. तुटलेला रेणू पुन्हा गोळा झाला तरी पूर्वीइतका फुगत नाही, आणि ही घट कायमची. दुसरे म्हणजे डिझेल. नव्या बीएस ६ गाड्यांत धुराची जाळी जाळून साफ करण्यासाठी काही वेळा जादा डिझेल सोडले जाते. गाडी फक्त गावातल्या गावात, घर ते शाळा अशी फिरत असेल, तर त्यातले काही तेलात उतरते आणि तेल पातळ होते. जुन्या ट्रॅक्टरचा गळका इंजेक्टरही हेच करतो. पट्टी काढून पाहिली आणि तेल कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले, वास डिझेलचा आला, तर ते तेल डब्यावरचे राहिलेले नाही. ते बदलावे, आणि आधी डिझेल कुठून आले ते शोधावे.

ऊस वाहणाऱ्यांसाठी एक सांगायचे राहिले. बेअरिंगमधला थर तेलाच्या दाटपणावर उभा असतो, तसाच फिरण्याच्या वेगावरही. चढाला वरच्या गिअरमध्ये इंजिन गुरगुरत, हजार-बाराशे फेऱ्यांवर ओढत नेले, तर भार पूर्ण आणि वेग निम्मा होतो. तिथे थर सर्वांत पातळ पडतो. अशा वेळी ३.८ आणि ४.२ मधला फरकही अंगावर येतो. गिअर एक खाली घ्यावा, फेरे वाढू द्यावेत.