एस की एस्ता? माणूस आणि घर, सोप्या स्पॅनिशमध्ये

आपल्या स्पॅनिशच्या मालिकेत आज एक नवं काम शिकायचं आहे. एखादा माणूस दिसायला कसा आहे, स्वभावाने कसा आहे आणि आपलं घर कसं आहे, हे समोरच्याला स्पॅनिशमध्ये सांगायचं. वही-पेन जवळ घेऊन बसा. वाक्यं थोडीच आहेत, पण ती मोठ्याने म्हणायची आहेत.

मी म्हैसूरला राहतो. इथे गोकुळम नावाचा भाग आहे. पट्टाभि जोईस यांची अष्टांग योगाची शाळा या भागात आल्यापासून इथे जगभरातून लोक शिकायला येतात. त्यात स्पेनचे, मेक्सिकोचे, कोलंबियाचे, अर्जेंटिनाचे लोकही असतात. महिना-दोन महिने राहायला त्यांना खोली लागते, म्हणून गोकुळममधली बरीच घरं वरची खोली भाड्याने देतात. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या एक मराठी काकू त्यांपैकीच. त्यांना व्याकरणाची परीक्षा द्यायची नव्हती. त्यांना फोनवर दोन गोष्टी सांगता यायला हव्या होत्या. स्टेशनवर घ्यायला येणारे काका कसे ओळखायचे, आणि खोली कशी आहे. आज आपण काकूंचीच वाक्यं घेऊ.

आधी मूळ अडचण बघू. मराठीत आपण म्हणतो, 'काका उंच आहेत', 'काका घरी आहेत', 'घरात दोन खोल्या आहेत', 'काकांना मिशी आहे'. चारही ठिकाणी 'आहे'च. स्पॅनिशमध्ये या चार 'आहे'साठी चार वेगळे शब्द आहेत:

एस – मुळात कसा आहे, काय आहे.
एस्ता – कुठे आहे, किंवा आत्ता कोणत्या अवस्थेत आहे.
आय – अमुक एक वस्तू तिथे आहे, अस्तित्वात आहे.
तिएने – त्याच्याकडे आहे, त्याला आहे.

पुष्कळ पुस्तकांत लिहितात की कायमचं असेल तर 'एस' आणि तात्पुरतं असेल तर 'एस्ता'. हा नियम पाठ करू नका. म्हैसूर कर्नाटकात आहे, हे काही तात्पुरतं नाही. तरी स्पॅनिशमध्ये 'मैसूर एस्ता एन कर्नाटका' असंच म्हणतात. मेलेला माणूस कायमचा मेलेला असतो, तरी 'एस्ता मुएर्तो'च. त्यापेक्षा संस्कृतचा आधार घ्या. 'एस' हा 'अस्ति'चा नातेवाईक आहे, आणि 'एस्ता' हा 'स्था' धातूचा, म्हणजे 'उभा राहणे'चा. दोन्ही जोड्यांचं मूळ खरोखरच एक आहे. तेव्हा स्वतःला विचारा: मी त्याचं असणं सांगतोय, की तो कुठे आणि कोणत्या स्थितीत उभा आहे ते सांगतोय? स्थान आणि स्थिती या दोन्ही शब्दांत 'स्था' आहे. तिथे 'एस्ता' वापरायचं.

आता काकांचं वर्णन करू. माझ्यामागे म्हणा:

मी मारीदो एस आल्तो इ देलगादो. – माझे यजमान उंच आणि सडपातळ आहेत.
तिएने एल पेलो ब्लांको इ कोर्तो. – त्यांचे केस पांढरे आणि आखूड आहेत.
तिएने बिगोते. – त्यांना मिशी आहे.
तिएने सेसेन्ता इ ओचो आन्योस. – ते अडुसष्ट वर्षांचे आहेत.
येबा गाफास इ उना कामिसा आसूल. – त्यांनी चष्मा लावलाय आणि निळा शर्ट घातलाय.

उंची आणि बांधा माणसाच्या असण्यातला, म्हणून 'एस'. केस, डोळे, मिशी, दाढी आणि वय 'तिएने'ने सांगायचं. वयाला 'एस' लावू नका. स्पॅनिशमध्ये माणसाकडे वर्षं 'असतात'. अंगावर घातलेल्या वस्तूंना 'येबा'. चष्म्याला स्पेनमध्ये 'गाफास' म्हणतात, मेक्सिकोसारख्या देशांत 'लेन्तेस' जास्त ऐकू येईल.

उच्चाराबद्दल दोन गोष्टी. स्पॅनिशमधले त आणि द आपल्या त-द सारखे दातांना जीभ लावून म्हणायचे. इंग्रजीच्या सवयीने 'आल्टो', 'डेलगाडो' म्हणू नका. दुसरी गोष्ट जास्त जपायची. 'आन्योस'मधला 'न्य' हा आपला ञ आहे. त्या जागी साधा न म्हटलात, तर 'आनोस' होतं आणि त्याचा अर्थ होतो गुदद्वारं. अडुसष्ट वर्षांच्या ऐवजी भलतंच सांगून बसाल.

आता विशेषणाचं शेपूट. आपण 'चांगला मुलगा, चांगली मुलगी' म्हणतो, त्यामुळे विशेषण नामाप्रमाणे बदलतं हे मराठी माणसाला नवं नाही. तरी चूक होते, कारण मराठीत 'उंच' बदलत नाही. उंच मुलगा, उंच मुलगी, उंच मुलं, सगळीकडे उंच. स्पॅनिशमध्ये मात्र तो 'आल्तो', ती 'आल्ता', ते अनेक 'आल्तोस', त्या अनेक 'आल्तास'. ओकारान्त विशेषणं अशी चार रूपं घेतात. एकारान्त विशेषणं स्त्री-पुरुषांना सारखीच राहतात. 'आमाब्ले' म्हणजे प्रेमळ, 'इन्तेलिखेन्ते' म्हणजे हुशार. काका 'आमाब्ले', काकूही 'आमाब्ले'. अनेकवचनाचा स मात्र त्यांनाही लागतो.

स्वभावाकडे येऊ. काकूंचं वाक्य असं होतं:

एस सेरियो, पेरो मुइ आमाब्ले. – ते गंभीर आहेत, पण फार प्रेमळ आहेत.

आणखी तीन शब्द लिहून घ्या. 'सिम्पातिको' म्हणजे मनमिळाऊ. इंग्रजीतल्या सहानुभूतीशी त्याची गल्लत करू नका. 'कायादो' म्हणजे अबोल, 'आलेग्रे' म्हणजे आनंदी. स्वभाव हा असण्यातला, म्हणून 'एस कायादो' म्हणजे मुळातच अबोल माणूस. 'एस्ता कायादो' म्हटलं, तर आत्ता गप्प बसलाय. 'एस आबुर्रीदो' म्हणजे माणूस कंटाळवाणा आहे, आणि 'एस्ता आबुर्रीदो' म्हणजे त्याला कंटाळा आलाय. फरक केवढा आहे, बघा.

हाच फरक काकूंना महागात पडला. पाहुणी स्टेशनवर उतरली आणि तिने फोन केला. काका निघण्याच्या तयारीत होते. 'तयार' म्हणजे 'लिस्तो', हे काकूंना पाठ होतं. त्या म्हणाल्या, 'मी मारीदो एस लिस्तो.' पलीकडे क्षणभर शांतता. मग पाहुणीने विचारलं, 'पेरो, बिएने?' म्हणजे, 'पण ते येताहेत का?' कारण 'एस लिस्तो' म्हणजे हुशार आहे, आणि 'एस्ता लिस्तो' म्हणजे तयार आहे. आपले यजमान हुशार आहेत, एवढंच काकूंनी स्टेशनवर ताटकळणाऱ्या बाईला कळवलं होतं. तयार असणं ही स्थिती आहे, म्हणून 'एस्ता'.

आता घर. इथेही तीच चौकट वापरायची:

ला कासा एस्ता एन गोकुळम. – घर गोकुळममध्ये आहे. स्थान, म्हणून एस्ता.
ला कासा एस पेकेन्या इ ब्लांका. – घर लहान आणि पांढरं आहे.
देलान्ते दे ला कासा आय उन कोकोतेरो. – घरासमोर एक नारळाचं झाड आहे.
आर्रीबा आय उन कुआर्तो. – वर एक खोली आहे.
एल कुआर्तो तिएने दोस बेन्तानास ग्रान्देस. – खोलीला दोन मोठ्या खिडक्या आहेत.
एल बान्यो एस्ता आल लादो. – बाथरूम शेजारीच आहे.

'आय' आणि 'एस्ता' यांच्यात सगळे अडकतात. त्याची खूण सोपी आहे. समोरच्याला जी वस्तू आहे हेच ठाऊक नाही, ती पहिल्यांदा सांगताना 'आय', आणि तिच्यामागे एक, दोन, अनेक: 'आय उन बान्यो', एक बाथरूम आहे. ती वस्तू एकदा ओळखीची झाली की तिला 'एल' किंवा 'ला' लागतं, आणि ती कुठे आहे हे 'एस्ता'ने सांगायचं: 'एल बान्यो एस्ता आर्रीबा', ते बाथरूम वर आहे. 'आय एल बान्यो' असं म्हणायचं नाही. 'आय'चं रूपही बदलत नाही. एक खोली असो की दहा, 'आय'च.

दाराचं उदाहरण घेतलं तर सगळं एका जागी दिसेल. 'ला पुएर्ता एस बेर्दे', दार हिरवं आहे. 'ला पुएर्ता एस्ता आबिएर्ता', दार उघडं आहे. हिरवेपण दाराचं आहे, उघडेपण आत्ताची स्थिती आहे. मराठी लिंग इथे सोबत नेऊ नका. आपल्याकडे दार नपुंसक, दरवाजा पुल्लिंगी, पण 'पुएर्ता' स्त्रीलिंगी. घर नपुंसक, 'कासा' स्त्रीलिंगी. पलंग पुल्लिंगी, 'कामा' स्त्रीलिंगी. खोली स्त्रीलिंगी, पण 'कुआर्तो' पुल्लिंगी. स्पॅनिश नामात नपुंसकलिंगच नाही. त्यामुळे प्रत्येक नाम 'एल' किंवा 'ला' जोडूनच पाठ करायचं. नुसतं 'कासा' नाही, 'ला कासा'. मग 'कासा ब्लांको' असं चुकून निघत नाही. आणि विशेषण बहुतेक वेळा नामाच्या मागे येतं, हेही लक्षात ठेवा: पांढरं घर म्हणजे 'कासा ब्लांका'.

शेवटी मजल्याची गोष्ट, कारण इथे चूक व्याकरणाची नसते. काकूंनी खोली 'एन एल प्रिमेर पिसो' असल्याचं सांगितलं होतं. त्यांच्या मते पहिल्या मजल्यावर, म्हणजे एक जिना चढून. पाहुणी कोलंबियाची होती आणि तिचा गुडघा दुखावलेला होता. कोलंबियात 'प्रिमेर पिसो' म्हणजे जमिनीलगतचा, आपला तळमजला. ती निश्चिंतपणे आली आणि समोर अठरा पायऱ्या. वाक्यात एकही चूक नव्हती, तरी तिला जिन्याच्या कठड्याला धरून चढावं लागलं. स्पेनच्या माणसाने 'प्रिमेर पिसो'चा अर्थ काकूंसारखाच घेतला असता. शिवाय स्पेनमध्ये नुसतं 'पिसो' म्हटलं तर फ्लॅट असाही अर्थ होतो.

म्हणून मजल्याचा आकडा सांगू नका, पायऱ्या सांगा. काकू आता असं म्हणतात:

एल कुआर्तो एस्ता आर्रीबा. आय दिएसीओचो एस्कालोनेस. – खोली वर आहे. अठरा पायऱ्या आहेत.

हे माद्रिदच्या माणसाला कळतं आणि बोगोटाच्याही.

आजचा गृहपाठ. घरातल्या एका माणसाबद्दल पाच वाक्यं लिहा: दोन 'एस'ची, दोन 'तिएने'ची, एक 'येबा'चं. घराबद्दल चार लिहा: एक 'एस'चं, एक 'आय'चं, दोन 'एस्ता'ची. लिहून झालं की प्रत्येक 'एस्ता'खाली रेघ मारा आणि तपासा, तिथे स्थान किंवा स्थिती आहे का? नसेल तर ते 'एस' करा. म्हैसूरला आलात तर यादवगिरीत आर. के. नारायण यांचं घर आहे, ते आता संग्रहालय केलंय. त्यासमोर उभे राहून हाच सराव करा: घर कोणत्या रंगाचं आहे, किती खिडक्या आहेत, दार उघडं आहे की बंद. पुढच्या भागात आपण वाटा सांगायला शिकू: डावीकडे वळा, सरळ जा, चौकात थांबा. तोपर्यंत, आस्ता लुएगो.