पाच जाळ्या घेतल्या, विकल्या किती?

(साहाय्यकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पेठ, सुरगाणा, हरसूल या भागातील आदिवासी भगिनींना भाजीविक्रीसाठी थोडे भांडवल द्यावे, असा विषय आपल्या बैठकांत नेहमी निघतो. दोन हजार, तीन हजार रुपये दिले की धंदा उभा राहील, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा धंदा उभा राहतोही. पण दोन-तीन महिन्यांनी भांडवल नाहीसे झालेले असते. मग आपण म्हणतो की पैसे घरात खर्च झाले असतील. कधी तसे असेल. पण बरेचदा ते पैसे घरात गेलेलेच नसतात. ते नासलेल्या मालाबरोबर उकिरड्यावर गेलेले असतात, आणि गेले कधी हे त्या भगिनीलाही कळलेले नसते. ते कसे घडते आणि किलोला किती भाव लावला म्हणजे ते घडणार नाही, एवढेच मी आज सांगणार आहे.

उदाहरण टोमॅटोचे घेऊ. आपल्या नाशिक जिल्ह्यात टोमॅटो वीस किलोच्या प्लास्टिकच्या जाळीत भरून विकला जातो. कोणी तिला कॅरेटही म्हणतात. भाव तर रोज बदलतो, म्हणून हिशेबाला सोपे पडतील असे आकडे धरतो.

समजा, एका ताईने घाऊक बाजारातून तीनशे रुपयांना एक, अशा पाच जाळ्या घेतल्या. म्हणजे १०० किलो माल, १५०० रुपये. अडत आणि हमाली मिळून १४० रुपये लागले. टेम्पोवाल्याने जाळीला ४० प्रमाणे २०० घेतले. तिचे स्वतःचे जाण्यायेण्याचे ६० आणि बाजारात बसण्याची पावती व पिशव्या यांचे १००. सगळे मिळून २००० रुपये झाले. माल १०० किलो, म्हणून तिने मनात धरले की टोमॅटो आपल्याला २० रुपये किलोने पडला. बाजारात ३० चा भाव चालू आहे. किलोमागे १० रुपये सुटतात, तेव्हा १०० किलोला हजार रुपये फायदा. घरी जाताना ती याच हिशेबात असते.

आता जाळ्या उघडू. वरचा थर टणक आणि चकचकीत असतो, कारण भरणाऱ्याने तो तसाच लावलेला असतो. तळाचा माल वरच्या वजनाने आणि टेम्पोतील हादऱ्यांनी चेपलेला असतो. जाळ्या एकावर एक रचताना खालची जास्त भरलेली असेल, तर वरच्या जाळीचा भार तिच्या कडांवर न पडता थेट टोमॅटोवर पडतो. एक टोमॅटो फुटला की त्याचा रस शेजारच्यांवर उतरतो, आणि उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे बुरशी धरलेली दिसते. पहिल्या दिवशी माल बरा खपतो. जो उरतो त्यात दुसऱ्या दिवशी नासका निघत जातो. शेवटी पाच जाळ्यांपैकी एका जाळीएवढा, म्हणजे २० किलो माल फेकावा लागतो.

आता खरा हिशेब पाहा. विकला गेलेला माल ८० किलो. तीसच्या भावाने त्याचे २४०० रुपये आले. खर्च २००० होता. उरले ४००. हजाराचे चारशे झाले, आणि तेही दोन दिवस बसून.

आणि हे ८० किलो तरी सगळे तीसने जातात का? नाही. त्यातले साधारण २० किलो मऊ पडलेले असतात. गिऱ्हाईक ते हातात घेऊन खाली ठेवते. ते बाजूला काढून, ‘चटणीला घ्या, रश्शाला घ्या’ म्हणत १५ रुपयांनी द्यावे लागतात. म्हणजे ६० किलोचे १८०० आणि २० किलोचे ३००, एकूण २१०० रुपये. खर्च वजा जाता उरले १००. दोन दिवसांच्या कष्टाला शंभर रुपये! सावकाराने लुबाडले नाही, चोरी झाली नाही. फक्त भागाकार चुकीच्या आकड्याने झाला.

माझ्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. खर्चाला विकत घेतलेल्या किलोंनी भागायचे नाही. विकल्या जाणाऱ्या किलोंनी भागायचे. २००० ला १०० ने भागले तर २० येतात. ८० ने भागले तर २५ येतात. तिला टोमॅटो खरोखर २५ ला पडला आहे.

इथे शिकलेली माणसेही एक घसरगुंडी खातात. ती म्हणतात, शंभरात वीस किलो नासतो ना, मग भावात शेकडा वीस वाढवा. वीसवर शेकडा वीस म्हणजे चार. भाव झाला २४. पण २४ ने ८० किलो विकून १९२० रुपयेच येतात. मुद्दलात ८० रुपये कमी पडतात. पाचवा हिस्सा नासला तर भावात पाचवा नव्हे, चौथा हिस्सा वाढवावा लागतो, कारण नासलेल्या वीस किलोंचा बोजा उरलेल्या ऐंशीवरच पडतो. फेरीमागे ८० रुपये म्हणजे फार नाही, असे वाटेल. पण अशा पंचवीस फेऱ्यांत दोन हजारांचे भांडवल साफ होते. आठवड्याला दोन फेऱ्या धरल्या तर तीन महिन्यांत. आधी ती पाचऐवजी चार जाळ्या आणते, मग तीन, आणि एक दिवस पाटी घेऊन यायची थांबते.

मग भाव किती लावायचा? खर्च २०००. त्यात तिची मजुरी धरलीच पाहिजे. दुसऱ्याच्या शेतात गेली असती तर मिळाले असते ते, समजा दिवसाला ३०० प्रमाणे दोन दिवसांचे ६००. एकूण २६०० रुपये यायला हवेत. मऊ मालाचे ३०० येतील. उरलेले २३०० चांगल्या ६० किलोंतून काढायचे. म्हणजे किलोला ३८ रुपयांच्या थोडे वर. बाजारात बहुतेक गिऱ्हाईक पाव किलो, अर्धा किलो घेते, म्हणून तिने ‘पाव किलो दहा रुपये’ म्हणावे. हा झाला ४० रुपये किलोचा भाव. वरचे रुपया-दीड रुपया झुकत्या मापात जातात. तोलून झाल्यावर गिऱ्हाईक एक टोमॅटो पिशवीत टाकून घेतेच.

आता कोणी विचारेल, शेजारची बाई तीसने देत असताना हिच्याकडून चाळीसने कोण घेईल? प्रश्न बरोबर आहे. भाव आपल्या हिशेबावर ठरत नाही, बाजारावर ठरतो. अशा वेळी हिशेब उलटा करायचा. तीसच्या भावाने २१०० रुपये येणार. त्यातून मजुरीचे ६०० आणि अडत-भाड्याचे ५०० काढले, तर मालाला उरतात १०००. पाच जाळ्यांना हजार, म्हणजे जाळीला दोनशे. याचा अर्थ असा, की बाजारात तीसचा भाव आणि एवढी नासाडी असेल, तर दोनशेच्या वर गेलेली जाळी तिच्यासाठी नाही. हे तिला घाऊक बाजारात उभे असतानाच ठाऊक पाहिजे. घरी येऊन कळले तर उपयोग नाही.

दुसरा मार्ग कमी माल घेण्याचा. त्याच तीनशेच्या भावाने तिने तीनच जाळ्या घेतल्या आणि पहिल्याच दिवशी संपवल्या असे धरू. माल ९००, अडत-हमाली ८४, टेम्पो १२०, तिचे भाडे ६०, पावती व पिशव्या ६०; एकूण १२२४ रुपये. साठ किलोंपैकी पाच फेकले, सात मऊ म्हणून पंधराने दिले, अठ्ठेचाळीस तीसने गेले. आले १५४५. उरले ३२१, आणि एकाच दिवसात. पाच जाळ्यांत दोन दिवसांचे १०० उरत होते. जास्त माल म्हणजे जास्त कमाई, हे टोमॅटोला लागू नाही. दुसऱ्या दिवसावर गेलेला मालच बहुतेक नासतो.

नासाडीचा आकडा मात्र अंदाजाने धरू नये. प्रत्येक बाईचा रस्ता वेगळा, बाजार वेगळा, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यातही फरक पडतो. फेकायचा माल फेकण्यापूर्वी त्याच काट्यावर तोलावा. आणलेला किती, फेकलेला किती, मऊ म्हणून दिलेला किती, एवढे तीन आकडे वहीत मांडावेत. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणारी मुलगी लिहील. चार-पाच फेऱ्या लिहिल्या की तिचा स्वतःचा आकडा हाती येतो. पावसाळा लागला की तो पुन्हा तपासावा, कारण ओला माल जाळीत घुसमटून फार लवकर जातो.

घेतानाही दोन गोष्टी पाहता येतात. जाळीतील माल रिकाम्या जाळीत ओतून घेता आला तर तळ दिसतो. आणि दोन दिवस विकायचा असेल तर पूर्ण लाल माल न घेता फिकट गुलाबी, टणक माल घ्यावा. तो सावलीत ठेवला की दुसऱ्या दिवशी रंग धरतो. लाल पिकलेला माल स्वस्त मिळतो, पण तो त्याच दिवशी संपवायचा असतो.

बंधू-भगिनींनो, आपण भेटीला जाल तेव्हा ‘ताई, फायदा किती झाला?’ असे विचारू नका. बिचारी मनातला हजाराचाच आकडा सांगेल. ‘ताई, आणला किती आणि विकला किती?’ असे विचारा, आणि वहीतील तीन आकडे तिच्याबरोबर बसून पाहा. पुढच्या फेरीला किती जाळ्या आणायच्या आणि पाव किलोला काय भाव सांगायचा, हे त्यावरून तिलाच ठरवता येईल.