व्हॉट्सअ‍ॅप चोराच्या हाती गेलं तर…



समजा, साताऱ्यातल्या एका शिक्षिकेला ओळखीच्या नंबरवरून निरोप येतो.
"चुकून तुमच्या फोनवर कोड गेलाय. जरा पाठवता का?"
त्या पाठवतात.
आणि व्हॉट्सअ‍ॅप बंद!

तासाभरात चोर त्यांच्या नावाने भाच्याकडे पैसे मागतो. भाचा बिचारा पाठवून मोकळा.

आता पहिला फोन सायबर हेल्पलाइन 1930 ला.
एक, नऊ, तीन, शून्य.
तो भाच्याने करावा, कारण पैसे त्याच्या खात्यातून गेले.
बँकेचं नाव, रक्कम, वेळ आणि व्यवहार क्रमांक, म्हणजे यूटीआर, हाताशी हवा. चोराने रक्कम काढलेली नसेल, तर ती गोठवता येते. म्हणून घाई.

शिक्षिकेची तक्रार वेगळी, ओळख चोरल्याची. ती cybercrime.gov.in या संकेतस्थळावर किंवा पोलीस ठाण्यात नोंदवता येते.

सोबत काय न्यावं? ओळखपत्र आणि कोडच्या निरोपाचा स्क्रीनशॉट.

गंमत अशी, की चोराने लिहिलेले निरोप बाईंच्या फोनवर नसतातच. ते भाच्याच्या फोनवर असतात! रागाच्या भरात लोक नेमके तेच पुसून टाकतात.

ते पुसू नयेत.
स्क्रीनशॉटमध्ये नंबर, तारीख आणि वेळ दिसायला हवी.
दोन्ही फोन सोबत न्यावेत. ते रीसेट करू नयेत.

पुन्हा एकदा: पैसे गेले असतील, तर आधी एक, नऊ, तीन, शून्य.
मग तक्रार.
आणि तिचा पोच क्रमांक लिहून घ्यायचा. पुढची चौकशी त्यावरच होते.