गोळीच्या पाकिटावरची तारीख येते कुठून?

मागच्या बैठकीत एका ताईनं छान प्रश्न विचारला. कंपनीनं गोळी यंदा बनवली आणि पाकिटावर दोन वर्षांनंतरची तारीख छापली. दोन वर्षं तर अजून उलटलीच नाहीत, मग तिला कळलं कसं? आज तेच समजून घेऊ.

ॲस्पिरिनची गोळी घेऊ. हृदयाचा त्रास असलेल्या बऱ्याच माणसांना डॉक्टर ती रोज घ्यायला सांगतात. हिची वैरीण म्हणजे ओल. हवेतली ओल लागली की औषध हळूहळू फुटतं आणि त्याचे दोन पदार्थ होतात. एक पोटाला जाळणारं सॅलिसिलिक ॲसिड, दुसरं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधला आंबट पदार्थ. म्हणून जुन्या डबीचं झाकण उघडलं की आंबूस वास येतो. नियमाप्रमाणे गोळीवर जेवढं औषध लिहिलंय, त्याच्या १०० भागांपैकी निदान ९५ भाग तरी शिल्लक हवेत. म्हणजे ५ भाग कमी व्हायला किती दिवस लागतात, एवढंच शोधायचं असतं.

उष्णता वाढली की हे फुटणं भराभर होतं. किती भराभर, याचा हिशेब आऱ्हेनिअस नावाच्या स्वीडनच्या शास्त्रज्ञानं १८८९ साली मांडला. प्रयोगशाळेत त्याचाच आधार घेतात. गोळ्या वेगवेगळ्या उष्णतेच्या कपाटांत ठेवतात आणि ठरावीक दिवसांनी काढून औषध किती उरलं ते मोजतात.

समजण्यासाठी आकडे धरू. ७० अंशांवर ५ भाग कमी व्हायला १० दिवस लागले, ६० वर ३० दिवस आणि ५० वर ९० दिवस. म्हणजे दर १० अंश उतरले की गोळी तिप्पट टिकते. हाच हिशेब खाली नेला, तर ४० अंशांवर २७० दिवस आणि ३० अंशांवर ८१० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षांच्या आसपास. मग कंपनी सांभाळून दोन वर्षं लिहिते. खऱ्या कामात तिपटीचा आकडा थोडा सरकतो, औषधागणिक तो दुपटीपासून चौपटीपर्यंत असू शकतो. म्हणून तो दर वेळी मोजूनच काढावा लागतो.

मग १०० अंशांवर ठेवून दोन दिवसांत निकाल का लावत नाहीत? कारण एवढ्या भट्टीत गोळीतली ओलच उडून जाते. ज्या ओलीमुळे औषध फुटतं तीच नसेल, तर निकाल खोटा येतो. काही गोळ्या तर वितळतात, घरात कधीच न होणारे बदल होतात. म्हणून नेहमीच्या घाईच्या चाचणीत ४० अंश उष्णता आणि ७५ टक्के दमट हवा ठेवतात, तीही ६ महिने. औषध ५ टक्क्यांहून जास्त घटलं, तर गोळी त्या परीक्षेत नापास. आणि पास झाली तरी काम संपत नाही. दुसऱ्या कपाटात ३० अंशांवर त्याच गोळ्या संपूर्ण मुदतभर ठेवून अंदाज खरा ठरतो का ते बघतात.

आता आपल्या घरात या. ही तारीख ३० अंश आणि बंद पाकीट धरून काढलेली असते. परभणीत मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याखालच्या खोलीत तर आणखीच. आपल्या उदाहरणातली गोळी दोन महिने ४० अंशांत राहिली, तर तिची ३० अंशांवरची सहा महिन्यांची झीज त्यातच होते. आणि रात्री गार झालं म्हणून दुपारची झीज भरून येत नाही. अर्धा दिवस ४० आणि अर्धा दिवस ३० अंश असेल, तर सरासरी ३५ दिसते, पण झीज ३५ च्या हिशेबापेक्षा जास्तच होते, कारण तापलेले तास तिपटीनं मोजले जातात.

बरं, गोळी दिसायला तशीच राहते. आंबूस वास ॲस्पिरिनला येतो, पण तो प्रत्येक गोळीला येईलच असं नाही. म्हणून गोळ्या पत्र्याजवळच्या फळीवर, चुलीशेजारी किंवा मोरीजवळ ठेवू नका. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या कोपऱ्यात ठेवा. पाकिटातून काढून डबीत भरू नका, कारण ओल रोखायचं काम पाकीटच करतं. गोळीला आंबूस वास आला, ती चिकट झाली किंवा डाग पडले, तर ती घेऊ नका. पण रोजचं औषधही बंद करू नका, त्याच दिवशी औषध दुकानात किंवा दवाखान्यात दाखवून नवीन घ्या.

आज घरी गेल्यावर एक पाकीट हातात घ्या. तारखेसोबत 'एवढ्या अंशांखाली ठेवा' असं काही लिहिलंय का, ते बघा. ती तारीख त्या अटीवरच खरी आहे.